टू-व्हीलर इन्शुरन्स: ४६७ चं घ्यावं की १,०५० चं?

*प्रश्न: माझी स्कूटर तीन वर्षांची होतेय, आजवर एकही क्लेम नाही. रिन्यूअलसाठी दोन कोटेशन आली आहेत. एक ४६७ रुपये (आयडीव्ही ४३,०००, एनसीबी ४५%), दुसरं १,०५० रुपये (आयडीव्ही ६०,०००, एनसीबी ३५%, झिरो डेपचे २४० धरून). दोन्ही ओन डॅमेजच, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीची. मग निम्म्याहून कमी पैशातलं का घेऊ नये?*

आधी एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट बघा, कारण ४६७ च्या कोटेशनमध्ये तो चुकलाय.

क्लेम नसेल तर एनसीबी पहिल्या रिन्यूअलला २०%, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०%, असा चढतो. तुमचं हे तिसरं रिन्यूअल, म्हणजे तुमचा हक्क ३५% चा. मग ४५ आले कुठून? बहुतेक फॉर्ममध्ये 'मागच्या पॉलिसीतला एनसीबी' विचारतात. तिथे जुन्या कागदावरचे २५ टाकायचे असतात. आपण "यंदा ३५ मिळणार" म्हणून ३५ टाकतो आणि फॉर्म आपला आणखी एक पायरी वर चढवून ४५ दाखवतो. प्रीमियम कमी झाला म्हणून तेव्हा कोणी तक्रार करत नाही. पण क्लेमच्या वेळी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते आणि एनसीबी जास्त घेतलेला निघाला तर तुमचा ओन डॅमेजचा क्लेम तिथेच अडकतो. तेव्हा जुनी पॉलिसी समोर ठेवून तो आकडा आधी दुरुस्त करा.

आता उलटा हिशोब करू. ४६७ मधून १८% जीएसटी काढला तर ३९६ उरतात. ४५% सूट काढून टाकली की मूळ ओन डॅमेज म्हणजे ओडी प्रीमियम निघतो ७२०. त्यावर खरा ३५% एनसीबी लावून जीएसटी धरला तर होतात ५५२. म्हणजे ४६७ मुळात कधी नव्हतेच.

दुसरा फरक आयडीव्हीचा. स्कूटर चोरीला गेली किंवा पार कामातून गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ती हीच. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५% च्या वर गेला तरी कंपनी ती टोटल लॉस धरते. एकीकडे ४३,०००, दुसरीकडे ६०,०००. चोरी झाली तर १७,००० चा फरक. ऑनलाइन फॉर्मवर आयडीव्ही ठरावीक मर्यादेत वरखाली करता येतो, आणि कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून तो खालच्या टोकाला ठेवलेला मी अनेकदा पाहिलाय. तो वर नेऊन ६०,००० करा. त्याच दराने मूळ ओडी साधारण १,००५ होईल, आणि ३५% एनसीबी व जीएसटी धरून ७७१ रुपये. दुसऱ्या कंपनीचं झिरो डेप वगळून कोटेशन किती? ७६७. म्हणजे तुमची स्वस्त कंपनी सारख्याला सारखं ठेवलं की चार रुपयांनी महागच निघते!

(थर्ड पार्टी या हिशोबात नाहीच. नवी गाडी घेताना ती पाच वर्षांची भरलेली असते. ती संपल्यावरही दर सरकारच ठरवतं, त्यामुळे कंपनी बदलून त्यात काही वाचत नाही.)

उरला झिरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, जीएसटीसह २८३ रुपये. याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण मी तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न 'कशाला हवाय' म्हणून उडवून लावला होता. पावसात वळणावर स्कूटर घसरली. मला खरचटलं, गाडीचा पुढचा पॅनल, मडगार्ड आणि बाजूचं कव्हर फुटलं, फोर्क व हॅन्डल वाकला. गॅरेजचं बिल ८,४००: प्लास्टिकचे भाग ४,२००, धातूचे ३,०००, मजुरी १,२००. मला वाटलं, इन्शुरन्स आहे, काय चिंता. सर्व्हेयर आला, शांतपणे फोटो काढले आणि कागदावर कापाकापी सुरू केली. प्लास्टिक आणि रबरी भागांवर घसारा सरळ ५०%, गाडी कितीही नवी असो. धातूच्या भागांवर तो वयाप्रमाणे वाढतो आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५%. म्हणजे २,१०० अधिक ७५०, वर सक्तीची कपात १००. हातात आले ५,४५०, खिशातून गेले २,९५०. झिरो डेप असतं तर तो घसारा कंपनीनेच सोसला असता आणि मला १०० रुपये पडले असते.

स्कूटरचं अंग जवळजवळ सगळं प्लास्टिकचं, म्हणून घसारा तिला जास्त लागतो. २,८५० च्या घसाऱ्यासमोर वर्षाला २८३ म्हणजे दहा वर्षांत एकदा असं पडणं झालं तरी बरोबरी होते. पण आधी अटी वाचा. झिरो डेप साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच देतात, वर्षाला किती क्लेम चालतील यावरही बहुतेक ठिकाणी मर्यादा असते, आणि इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं. तुमच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात पाणी साचत असेल तरच घ्या.

आणि स्वस्त कोटेशनमध्ये ऐच्छिक कपात, म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल, टिक केलेली तर नाही ना, हेही बघा. १,००० ची निवडली असेल तर प्रत्येक क्लेममध्ये पहिले हजार तुमचे. किरकोळ पडझडीत तर क्लेमला काही उरणारच नाही.

आता शेवटचं, क्लेम केला तर एनसीबी जाईल ही भीती. टू-व्हीलरच्या बाबतीत ती रुपयांत मोजून बघा. मूळ ओडी १,००० धरू. यंदा क्लेम केला तर पुढच्या रिन्यूअलला ४५ ऐवजी शून्य, मग ५० ऐवजी २०, २५, ३५, ४५, आणि नंतर पुन्हा ५०. फरकांची बेरीज ४५, ३०, २५, १५, ५, म्हणजे १२०%. जीएसटी धरून जवळपास १,४०० रुपये, तेही पाच वर्षांत विखुरलेले. दरवर्षी आयडीव्ही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. म्हणून कंपनीकडून हजार-बाराशे मिळणार असतील तर स्वतः भरा आणि एनसीबी ठेवा. माझ्यासारखे साडेपाच हजार मिळणार असतील तर बेलाशक क्लेम करा. आणि 'एनसीबी प्रोटेक्ट' म्हणून वेगळे पैसे मागत असतील, तर ते १,४०० च्या नुकसानीसाठी आहेत हे डोक्यात ठेवून नाही म्हणा. कारला तो हिशोब वेगळा असतो.

मी असतो तर दुसरं कोटेशन घेतलं असतं. फक्त पैसे भरण्याआधी जुन्या पॉलिसीवरची शेवटची तारीख बघा. ती उलटून ९० दिवस झाले तर हे ३५% एकदम शून्य होतात, आणि मधल्या काळात ओन डॅमेजचं कव्हर नसल्याने नवी कंपनी गाडीची तपासणी मागू शकते.