सायनाइड झिंकच्या लाइनला गटार आणि एक्झॉस्ट वेगळेच का हवेत

प्रश्न: वाळूजला भाड्याने शेड घेऊन सायनाइड झिंकची छोटी लाइन टाकतोय. जागा कमी आहे. अ‍ॅसिडचं आणि सायनाइडचं पाणी एकाच गटारात, आणि दोन्हींची वाफ एकाच एक्झॉस्टला सोडली तर चालेल का?

उत्तर: नाही. दोन्ही नाही. वाळूज-चिकलठाण्याकडच्या प्लेटिंग शॉपांत मी बरीच वर्षं लाइन सांभाळली आहे. जागा नाही म्हणून हीच तडजोड करणारे मालक मी पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सायनाइडच्या बाथमध्ये कॉस्टिक भरपूर असतो आणि पीएच 12 च्या वर राहतो, तोवर सायनाइड द्रावणातच राहतं. पीएच 9.2 पर्यंत उतरला की सुट्या सायनाइडपैकी निम्म्याचं हायड्रोजन सायनाइड झालेलं असतं, आणि 7 ला जवळपास सगळ्याचं. ते 26 अंशांच्या आसपासच उकळतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता हिशेब बघा. लिटरला 40 ग्रॅम सोडियम सायनाइड असलेल्या बाथचं फक्त 10 लिटर पाणी सांडलं आणि गटारात पिकलिंगच्या अ‍ॅसिडला भेटलं. सायनाइड झालं 400 ग्रॅम, त्यातून सुमारे 220 ग्रॅम वायू. शेड 10 मीटर लांब, 8 रुंद, 4 उंच धरली तर हवा 320 घनमीटर. सगळा वायू सुटून सारखा पसरला तर 600 पीपीएमच्या वर जातो. जिवाला तात्काळ धोका 50 पीपीएमला धरतात. म्हणजे दहावा हिस्सा सुटला तरी ती रेघ ओलांडली, आणि गटारावर वाकलेल्या माणसाच्या तोंडाशी तर त्याहून कितीतरी जास्त. कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण बऱ्याच जणांना तो येतच नाही. वासावर भरवसा ठेवू नका.

पिकलिंगकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पॅसिव्हेशनकडे नसतं. झिंकनंतरची नायट्रिकची डिप आणि क्रोमेट दोन्ही आम्लच. तिथे बॅरलमधून सायनाइडचं पाणी निथळत येतं, म्हणून मधे दोन रिन्स हव्यातच. पिकलिंगनंतरही दोन रिन्स आणि मग कॉस्टिकची एक डिप ठेवा. पाइप किंवा खोलगट जॉब असेल तर पोटात अ‍ॅसिड धरून नेतो. आणखी एक आपल्या भागातली गोष्ट: उन्हाळ्यात टँकरचं पाणी घ्यावं लागतं, मग अ‍ॅसिडच्या रिन्सचं पाणी पुढे सायनाइडच्या रिन्सला वापरायचा मोह होतो. तेवढं कधीच करू नका. ते पाणी मागे, डीग्रीसिंगनंतरच्या रिन्सला वापरता येतं.

सायनाइडच्या टाक्यांखाली स्वतंत्र हौद करा. सगळ्यात मोठ्या टाकीच्या 110 टक्के पाणी त्यात मावलं पाहिजे. टाकी 1000 लिटरची, तर 1100 लिटर. हौद 3 बाय 2 मीटरचा केला तर काठ साधारण 18 सेंटीमीटर लागतो, मी 25 करायला सांगेन. टाक्या स्टँडवर ठेवा, नाहीतर त्याच जागा खातात. या हौदाला गटाराचं तोंड ठेवूच नका. कोपऱ्यात छोटा खड्डा, आणि तिथून पंपाने सायनाइडच्या ट्रीटमेंट टाकीत. तिथे हायपो टाकताना पीएच 10 च्या वर ठेवायचा, कारण खाली गेला तर सायनोजन क्लोराइड हा दुसरा विषारी वायू राहतो. हायपोचे कॅनही अ‍ॅसिडजवळ ठेवू नका, क्लोरीन सुटतो.

एक्झॉस्टचंही तेच. एकाच डक्टमध्ये अ‍ॅसिडची वाफ थंड होऊन थेंब धरते, त्यावर सायनाइड बाथचे तुषार येऊन बसतात, आणि वायू डक्टमध्येच तयार होतो. पंखा बंद पडला की तो शेडमध्ये उतरतो. म्हणून दोन डक्ट, दोन पंखे. टाकीच्या कडेला फटीचा हुड घ्या, म्हणजे वाफ कामगाराच्या तोंडावरून न जाता बाजूला ओढली जाईल. भिंतीतला मोठा पंखा उलट ती वाफ त्याच्या नाकापुढून नेतो.

सायनाइड सांडलं तर आधी बघा, जवळ अ‍ॅसिड आहे का. भेटलं असेल किंवा शंका असेल तर कशाला हात न लावता सगळ्यांना वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर काढा. कुणी आत पडला असला तरी श्वासाच्या सिलिंडरवाल्या मास्कशिवाय आत जाऊ नका, आणि बाहेर काढल्यावर तोंडाने श्वास देऊ नका. जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजनसोबत हायड्रॉक्सोकोबालामिन किंवा सोडियम नायट्राइट-थायोसल्फेट यांपैकी काही आहे का, हे लाइन सुरू करण्याआधी जाऊन विचारा. नसेल तर ते आधी मिळवा, मग सायनाइडचा ड्रम आणा.

खरं तर अजून टाक्या भरल्या नसतील तर सायनाइड नसलेली अल्कलाइन झिंक घ्या. तिला डीग्रीसिंग नीट लागतं, केमिकलवर नजर जास्त ठेवावी लागते, पण या वायूचा धोकाच लाइनमधून निघून जातो. छोट्या शेडमध्ये मी तरी तीच टाकेन.