कांजिण्यांची चिठ्ठी: शाळेत परत यायची तारीख काय टाकायची?

प्रश्न: मुलगा दुसरीत आहे. गुरुवारी 5 फेब्रुवारीला संध्याकाळी पोटावर फोड दिसले, शुक्रवारी डॉक्टर म्हणाले कांजिण्या आहेत, सगळे सुकले की शाळेत पाठवा. शाळेतल्या मॅडम म्हणतात चिठ्ठी द्या आणि त्यात किती तारखेला येणार ते लिहा. कधी सुकतील ते मला आत्ताच कसं कळणार? चिठ्ठी कशी लिहू?

उत्तर:

सोमवार 16 फेब्रुवारी टाका, पुढे "अंदाजे" लिहा, आणि ती तारीख कशावर अवलंबून आहे ते एका वाक्यात लिहा. डॉक्टर पण बरोबर आहेत आणि मॅडम पण, दोघांना हवं ते एकाच चिठ्ठीत बसतं.

मी तेरा वर्षं प्राथमिकला शिकवलं, माझ्या स्वतःच्या दोन्ही मुलांना कांजिण्या येऊन गेल्या, त्यामुळे अशा चिठ्ठ्या वाचल्यात पण आणि लिहिल्यात पण. वाचताना राग कशाचा यायचा सांगू? "मुलगा आजारी असल्याने येऊ शकला नाही, तरी रजा मंजूर करावी." बास, एवढंच. काय झालंय, कधीपासून, कधी येणार, काहीच नाही. मग मधल्या सुट्टीत आपणच फोन करत बसायचं.

आता 16 का ते बघा. पहिले फोड दिसले तो दिवस शून्य धरायचा, म्हणजे तुमचा गुरुवार. ताप आदल्या दिवशी आला असेल तर तो मोजायचा नाही, इथेच बऱ्याच जणांचं गणित चुकतं. कांजिण्या एकदम येत नाहीत, तीन-चार दिवस नवनवीन येतच राहतात, म्हणून एकाच वेळी पाठीवर सुकलेले आणि पोटावर टपोरे पाण्याचे असं दिसतं. शेवटचा फोड येऊन त्यावर खपली धरेपर्यंत मूल दुसऱ्याला देऊ शकतं. साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी सगळ्यांवर खपली धरते, म्हणजे तुमच्याकडे 10 ते 12 फेब्रुवारी. काहींना जास्त लागतात. किमान पाच दिवस आणि वर सगळे सुकलेले, या दोन्हींतलं जे नंतर होईल ते धरायचं. 12 ला गुरुवार आहे, मग एका शुक्रवारसाठी घाई कशाला, शनिवार-रविवार हाताशी ठेवून सोमवार लिहावा असं माझं मत. मूल तारखेच्या आधी आलं तर शिक्षकांना काही त्रास नसतो, दोनदा तारीख पुढे ढकलली की मात्र वैताग होतो.

चिठ्ठी अशी लिहा, मोकळ्या जागा तुम्ही भरा:

दि. 7 फेब्रुवारी
प्रति, वर्गशिक्षिका, इयत्ता 2 री, तुकडी ____
विषय: कांजिण्यांमुळे गैरहजेरीबाबत

मा. मॅडम,
माझा मुलगा चि. ________, हजेरी क्र. ____, याला कांजिण्या झाल्या आहेत. पहिले फोड गुरुवार दि. 5 फेब्रुवारीला संध्याकाळी दिसले आणि शुक्रवारी डॉक्टरांनी तपासून निदान केले. तो दि. 6 पासून गैरहजर आहे. फोड येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होऊ शकते आणि तो दि. 3, 4 व 5 ला शाळेत आला होता, म्हणून मुद्दाम कळवत आहे. सर्व फोडांवर खपली धरल्यावरच त्याला पाठवू. अंदाजे सोमवार दि. 16 फेब्रुवारीला तो येईल. तोपर्यंत फोड ओले असतील तर रविवारी संध्याकाळी कळवू. या दिवसांचा अभ्यास कृपया फोनवर कळवावा, वह्या आल्यावर पूर्ण करून घेऊ.
आपला/आपली, पालक, फोन ________

यातली आजाराचं नाव आणि शाळेत आलेल्या दिवसांची ओळ पालक नेहमी गाळतात. लाज वाटते किंवा भीती वाटते की सगळे आपल्या पोराकडे बोट दाखवतील. आमच्याकडे तर कांजिण्या म्हटलं की काही घरांत "देवी आल्या" म्हणून कडुलिंबाचा पाला दाराला लावतात आणि बाहेर कुणाला सांगत नाहीत. पाला लावा हो, माझी काही हरकत नाही, पण मॅडमना नाव सांगा. त्यामागे कारण आहे.

एका वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा "पाच दिवस झाले" म्हणून परत आला. आईने तापापासून मोजले होते, फोड दोन दिवस उशिरा आले होते, म्हणजे खरं तर तो तिसराच दिवस. मधल्या सुट्टीत पोरगं सारखं डोकं खाजवतंय म्हणून मी केस बाजूला केले तर कानामागे तीन ओले फोड. वडिलांना बोलावून घेतलं, ते बिचारे ओशाळले. त्यात शेजारच्या वर्गाच्या मॅडमना पाचवा महिना होता आणि त्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की नाही ते आठवतच नव्हतं. गरोदर बाईला आधी झालेल्या नसतील आणि तेव्हा लागण झाली तर आई आणि बाळ दोघांनाही ते जड जाऊ शकतं. त्यांना लगेच डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासावं लागलं, सुदैवाने अंगात प्रतिकारशक्ती निघाली. नसती तर एक खास इंजेक्शन असतं, ते संपर्कानंतर जितक्या लवकर तितकं बरं, आणि दहा दिवसांच्या आत घ्यावं लागतं. दहा दिवस! आणि पालक चिठ्ठीत तारीखच लिहीत नाहीत. म्हणून मी एवढं घोकतेय.

वर्गात केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं एखादं मूल असेल तर तेच. त्याच्या घरच्यांना ताबडतोब कळायला हवं. मॅडम तुमच्या मुलाचं नाव न घेता "वर्गात एकाला कांजिण्या आहेत" एवढं सांगू शकतात. तुम्ही मात्र चिठ्ठी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, फक्त मॅडमना पाठवा, नाहीतर तासाभरात पन्नास जणांचे घरगुती उपाय येतील.

बाकी मुलांचं म्हणाल तर, संपर्कानंतर 10 ते 21 दिवसांनी फोड येतात. म्हणजे तुमच्या मुलाकडून कुणाला लागले असतील तर ते 13 ते 26 फेब्रुवारीच्या मधे दिसतील. मॅडमना ही तारीख तोंडी सांगून ठेवा, तेवढे दिवस त्या लक्ष ठेवतील. घरात धाकटं भावंड असेल तर त्यालाही हाच हिशोब, आणि घरात ज्याला नंतर लागण होते त्याला फोड बहुतेकदा जास्त येतात. लस झालेली नसेल तर डॉक्टरांना लगेच विचारा, संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिली तर बराच फरक पडू शकतो. सरकारी लसीकरणात ती नाही, खाजगीत घ्यावी लागते, म्हणून खूप मुलांची राहून गेलेली असते.

आता 15 तारखेला काय बघायचं. दिव्याखाली नाही, दिवसाच्या उजेडात बघा, म्हणजे दुपारीच. पोट-पाठ सगळेच बघतात, पण केसांत, कानामागे, काखेत, जांघेत, बोटांच्या मधे बघा, उशिरा आलेले तिथे लपून राहतात. सुकलेला म्हणजे आत पाणी नाही आणि वर तपकिरी कोरडी खपली. टोक चमकतंय किंवा बोट लावलं की ओलं लागतंय तर तो सुकला नाही, एक जरी असला तरी सोमवारी पाठवू नका. खपली गळून पडायची वाट बघायची नाही हां, त्याला अजून आठ-पंधरा दिवस लागतात, डाग तर त्याहून राहतात, आणि तेवढे दिवस घरी ठेवायची गरज नसते. तोंडातले फोड खपली धरत नाहीत, ते नुसते बरे होतात. लस घेतलेल्या मुलांना कधीकधी थोडेसेच लाल ठिपके येतात, पाणीही नाही आणि खपलीही नाही, तिथे चोवीस तासांत नवीन काही आलं नाही की झालं, पण हे डॉक्टरांनी बघून सांगायला हवं.

काही शाळा परत येताना डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मागतात. ते पहिल्याच दिवशी घेऊन ठेवू नका, पहिल्या दिवशी डॉक्टर फक्त अंदाज लिहू शकतात, मूल बघून "फिट आहे" असं लिहायला फोड सुकलेले दिसायला हवेत. शनिवारी किंवा सोमवारी सकाळी शाळेच्या आधी दाखवून आणा. नाहीतर आधीच मिळालेलं "पाच दिवस विश्रांती" असं कागदावर घेऊन काही पालक सहाव्या दिवशी मूल आणून सोडतात, कागद बरोबर असतो आणि फोड ओले असतात.

अजून एक, शाळेशी संबंध नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही: तापासाठी अॅस्पिरिन देऊ नका, कांजिण्यांत मुलांना ते धोक्याचं आहे, आयबुप्रोफेनही टाळा, पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसने. नखं आज रात्रीच कापा.

तारीख पुढे गेलीच तर रविवारी एवढंच पाठवा: "मॅडम, चि. ____ च्या केसांत अजून दोन फोड ओले आहेत, उद्या येणार नाही. मंगळवारी सकाळी परत बघून कळवते."