वाळूच्या टेकडीचा आकार बघून वारा कसा ओळखायचा?

प्रश्न: उपग्रहाच्या फोटोत वाळवंटातल्या टेकड्या कुठे चंद्रकोरीसारख्या दिसतात, कुठे लांबच लांब रेघा, तर कुठे चांदण्या. वाळू तीच, मग आकार वेगळे का? आणि ते बघून वारा कुठून वाहतो ते सांगता येतं का?

उत्तर: येतं, पण चंद्रकोर बघून घाई केलीत तर उत्तर बरोबर उलटं निघू शकतं. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

वाळू हवेत फार उंच उडत नाही. उंच जाते ती धूळ. वाळूचा कण वाऱ्याने उचलला जातो, थोडा पुढे जाऊन आपटतो आणि आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. हा सगळा खेळ बहुतेक गुडघ्याच्या खालीच चालतो. टेकडीच्या वाऱ्याकडच्या मंद उतारावरून कण असे उड्या मारत माथ्यावर येतात. माथ्यापलीकडे वारा आडोशाला पडतो, त्यामुळे कण तिथेच साचतात. साचलेल्या वाळूचा उतार साधारण ३२ ते ३४ अंशांचा झाला की ती घसरते. या घसरणीच्या बाजूला वारा जातो, ही पहिली खूण.

आता वारा वर्षभर जवळपास एकाच दिशेने वाहतोय, जमीन कडक आहे आणि वाळू बेताची, असं समजा. माथ्यावरून दर मीटर रुंदीमागे वर्षाला ९० घनमीटर वाळू पुढे जाते असं धरलं, तर ३ मीटर उंचीची टेकडी वर्षात ३० मीटर सरकेल आणि ९ मीटरची फक्त १०. वाळू तेवढीच, पण उंच टेकडीला एक मीटर पुढे जायला घसरणीचा उतार जास्त भरावा लागतो. हाच हिशेब एकाच ढिगाऱ्याला लावा: मधला भाग उंच, कडा बुटक्या. कडा आधी पुढे निघतात आणि त्यांची शिंगं होतात. ती कायम लांबत मात्र जात नाहीत. शिंगांच्या टोकांना घसरणीचा उतार नसतो, त्यामुळे तिथून वाळू सुटून पुढे निघून जाते. आकार स्थिरावला की सगळी टेकडी एकाच वेगाने चालते. हिलाच बारखाण म्हणतात. तिची शिंगं वारा जातो त्या दिशेला असतात.

घोटाळा होतो तो पॅराबोलिक टेकडीमुळे. तीही कोरीसारखीच, पण इथे थोडीफार झाडी असते. बुटक्या कडांवर गवत-झुडपं टिकतात आणि वाळू धरून ठेवतात. उघडा मधला भाग वारा उकरून पुढे ढकलतो, कडा मागे राहतात. त्यामुळे शिंगं वारा येतो त्या दिशेला. थरच्या वाळवंटात अशा टेकड्या भरपूर आहेत. तिथला वाळू हलवणारा मुख्य वारा उन्हाळ्यातला नैर्ऋत्येचा, म्हणून लांब बाहू नैर्ऋत्येकडे आणि नाक ईशान्येकडे. बारखाण समजून वाचलंत तर वारा ईशान्येचा ठरेल! फरक ओळखायला घसरणीचा तीव्र उतार शोधा. बारखाणात तो कोरीच्या आतल्या, पोकळ बाजूला असतो, पॅराबोलिकमध्ये बाहेरच्या फुगीर बाजूला. फोटोत नुसत्या सावलीवर जाऊ नका. सावलीची बाजू सूर्य ठरवतो, वारा नव्हे.

रेघा आणि चांदण्या यांचं थोडक्यात सांगतो. ऋतूप्रमाणे वारा दोन दिशांनी येत असेल आणि त्या दिशांमध्ये काटकोनाहून बराच मोठा कोन असेल, तर वाळू कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला घसरते आणि टेकडी दोन्हींच्या एकत्रित दिशेत लांबत जाते. नामिबच्या लांब रांगा अशाच. तीन किंवा जास्त दिशांचे वारे असले की वाळू फारशी कुठेच जात नाही, मधे रचत जाते आणि चांदणी उंच होते.

पण आकार एकटा वारा ठरवत नाही. वारा तोच ठेवून वाळू वाढवली की बारखाणं एकमेकांना चिकटतात आणि वाऱ्याला आडव्या सलग रांगा तयार होतात. म्हणजे रेघ दिसली तरी ती वाऱ्याला आडवी की समांतर, हे आधी ठरवावं लागतं. आडव्या रांगेला तीव्र उतार एकाच बाजूला असतो. समांतर रांगेत तो ऋतूप्रमाणे बाजू बदलतो, त्यामुळे वेगवेगळ्या महिन्यांचे फोटो शेजारी ठेवून बघा.

शिवाय मोठ्या टेकड्या घडायला शेकडो-हजारो वर्षं लागतात, त्यामुळे त्यांच्यात जुन्या काळचा वाराही नोंदलेला असू शकतो. आत्ताचा वारा हवा असेल तर पृष्ठभागावरच्या बारीक लहरी बघा. त्या जोराच्या वाऱ्यात काही मिनिटांत नव्या बनतात आणि साधारणपणे वाऱ्याला आडव्या असतात. फक्त घसरणीच्या उतारावरच्या लहरींवर विसंबू नका, तिथे आडोशाला वारा भलतीकडेच वळलेला असतो.