सरासरी तीच, वर्ग वेगळा

सर, चाचणीनंतर काय पुन्हा शिकवायचं हे ठरवताना एकूण गुणांच्या सरासरीवर थांबू नका, प्रश्नवार गुण वहीत उतरवा. माझ्या सातवीच्या दहा मुलांचंच सांगतो. अपूर्णांकांच्या पाच गुणांच्या प्रश्नात सहा जणांना ३, दोघांना २, दोघांना ४. शेकडेवारीत पाच जणांना ५, उरलेल्यांना १. दोन्हीकडे सरासरी ३च! प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरलेत ते, मात्र पहिल्यात ०.६३, दुसऱ्यात २. म्हणजे अपूर्णांक सगळ्यांनाच अर्धेमुर्धे कळले होते. ते फळ्यावर पुन्हा घेतले. शेकडेवारीसाठी फक्त १ गुण मिळालेल्या त्या पाच उत्तरपत्रिका काढल्या. पाचही जणांनी ४० पैकी १० म्हणजे १० टक्के लिहिलेलं! त्यांना वेगळं बसवून शिकवलं. आणि हो, कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाला वेगळी खूण करा. तिथे दर वेळी धडा कच्चा नसतो, कधी कधी नुसता वेळ संपलेला असतो.