बँकेबरोबर ऑफर, पण नवीन गिऱ्हाइकालाच

प्रश्न: सांगलीत कपड्यांचं दुकान आहे, इथल्या सहकारी बँकेबरोबर ऑफर काढून नवीन गिऱ्हाईक कसं आणू?

दादा, सरसकट '१० टक्के सूट' अजिबात लावू नका, ती तुमचं रोजचं गिऱ्हाईकच घेऊन जातं. समजा हजाराच्या बिलावर तुम्हाला २५० सुटतात आणि सूट १०० ची, त्यातले ५० बँकेने द्यायचे असं ठरलं, तर नवीन माणसामागे तुमच्या हातात २०० राहतात, पण जुनाच आला तर ५० फुकट गेले. म्हणून बिलिंगमध्ये मोबाईल नंबर टाकून बघा, आधी बिल झालेलं असेल तर सूट नाही.

दुसरी गोष्ट, इथंच बरेच जण फसतात. क्यूआरवर पैसे आले तरी ते कुठल्या बँकेच्या खात्यातून आले हे काउंटरवर कळेलच असं नाही, त्यामुळे बँकेला तिच्या खातेदारांना एसएमएसने एकदाच चालणारा कोड पाठवायला सांगा, तो बिलावर लिहा. मारुती रोडला गर्दीत पोराला एवढंच जमतं बघा.

बँकेचा वाटा किती तारखेला जमा होणार आणि जास्तीत जास्त किती कोड, हे मॅनेजरकडून लेखी घ्या, तोंडी नको.