‘विवेकी’ सत्तेत विवेक कुठे असतो?

प्रश्न : समाजशास्त्राच्या नोट्समध्ये ‘पारंपरिक, करिश्माई आणि कायदेशीर-विवेकी सत्ता’ असे तीन प्रकार दिलेत. ‘सत्ता’ म्हणायचं की ‘अधिकार’? आणि तिसऱ्यात विवेक नेमका कुठे आहे? आमच्या तलाठ्याकडे तर मला कधी दिसला नाही! तरी आजचं प्रशासन त्यावरच चालतं म्हणे.

उत्तर : आधी नाम. ही विभागणी जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (मृत्यू 1920) यांची. नुसत्या बळाला त्यांनी वेगळा शब्द ठेवला होता आणि ‘याला हुकूम देण्याचा हक्क आहे’ असं मानून लोक ऐकतात, त्याला वेगळा. सुरा दाखवून पाकीट घेणाऱ्याकडे पहिलं असतं, दंडाची पावती फाडणाऱ्या पोलिसाकडे दुसरं. मराठीत ‘सत्ता’ पहिल्याकडे झुकते आणि ‘अधिकार’ म्हटलं की मूलभूत अधिकार, माहितीचा अधिकार असे हक्क आठवतात. म्हणून मी ‘अधिसत्ता’ वापरतो. जरा जड आहे, पण घोटाळा होत नाही.

‘विवेकी’ हा शब्द मात्र मला पटत नाही. विवेक म्हटलं की मराठी माणसाला बरंवाईट ओळखणारी बुद्धी आठवते. इथे तसं काही अभिप्रेत नाही. निर्णय लेखी नियमांनी बांधलेला असतो, त्यामुळे तो कसा होईल याचा आधीच अंदाज बांधता येतो, एवढाच अर्थ. ‘नियमनिष्ठ’ म्हटलं असतं तर तुमचा तलाठी वाचला असता.

आता तलाठी आलाच आहे, तर गावच्या जमिनीवरूनच बघू. पूर्वी वसुली पाटलाची आणि हिशेब कुलकर्ण्याचा. दोघंही वतनदार, म्हणजे हुद्दा बापाकडून मुलाकडे जायचा आणि मोबदल्यात इनाम जमीन व गावातले मानपान. गावाचं दप्तर बहुधा कुलकर्ण्याच्या घरातच असे. अशा माणसाची बदली कशी करणार? हुद्दा त्याच्या मालकीचा. इंग्रजांनीही वतनं एकदम मोडली नाहीत. 1874 साली त्यांच्यासाठी कायदा केला आणि कोणत्या घराण्याने कधी चाकरी करायची हेसुद्धा नोंदवलं. परंपराच कलमांत बसवली! म्हणून हे तीन प्रकार म्हणजे तीन वेगळे डबे नव्हेत. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेलेच सापडतात. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली, महाराष्ट्रात महसुली पाटीलकी 1962 च्या. आडनावं तेवढी राहिली. ‘गट विकास अधिकारी’ हे आडनाव अजून तरी ऐकलेलं नाही.

तलाठ्याचं तसं नाही. तो परीक्षा देऊन येतो, पगार घेतो आणि बदली झाली की दप्तराचा चार्ज देऊन जातो. दप्तर गावाचं, खुर्ची सरकारची. समजा तुम्ही शेत विकत घेतलंत. तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, चावडीवर प्रत लावतो, संबंधितांना नोटिसा पाठवतो. कुणी हरकत घेतली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते. पण नोंद प्रमाणित करायचं काम त्याचं नाही, ते मंडळ अधिकाऱ्याचं. आणि तो निर्णयही पटला नाही तर प्रांताकडे अपील आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (1966) हे सगळं लिहिलेलं आहे. तलाठी चांगला की वाईट यावर पद्धत अवलंबून नाही. त्याने नोंद दाबली तर नेमकं काय चुकलं हे कलमावर बोट ठेवून दाखवता येतं. पाटलाने दाबली तर पाटलालाच विनवावं लागायचं. लाखो खातेदार, रोजची खरेदी-विक्री, बँकेची कर्जं हे सगळं अनोळखी माणसांमध्ये चालतं. तिथे ओळखीवर किंवा घराण्यावर चाललेला कारभार पुरत नाही.

मग करिश्मा? 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांपुढे दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी तिथेच 100 एकर देऊ केली. विनोबांकडे ना हुद्दा होता ना वतन. ही शुद्ध करिश्माई अधिसत्ता. पण शब्दाने दिलेली जमीन कसणाऱ्याची होण्यासाठी तिची सरकारदरबारी नोंद लागते. त्यासाठी राज्यांना भूदानाचे कायदे करावे लागले, आणि तरीही कितीतरी जमीन वाटलीच गेली नाही. काही पडीक निघाली, काही वादात अडकली. माणसं उठून उभी करणं या अधिसत्तेला जमतं, रोज सकाळी दहाला कचेरी उघडणं जमत नाही. त्यासाठी तिला एकतर घराणं व्हावं लागतं, नाहीतर नियम.

जाता जाता, ‘करिश्माई’तली एक गंमत. वेबर यांचा शब्द ग्रीक, ‘कॅरिस्मा’. अर्थ कृपाप्रसाद, देवाने दिलेलं देणं. आपला ‘करिश्मा’ फारसीतून आला आणि तिथे त्याचा जुना अर्थ नखरा, नेत्रकटाक्ष. चमत्कार हा अर्थ पुढचा. दोन्ही शब्दांचं नातं काही नाही, पण उच्चार इतके जवळ की वर्तमानपत्रांनी त्यांची सोयरीक जमवून टाकली.