खऱ्या माणसाच्या फोटोवरून प्रॉम्प्ट लिहिण्याआधी : फ्लेक्सवरच्या पुराच्या फोटोबद्दल

प्रश्न : आमच्या मंडळाच्या काकांची साठी आहे. 2019च्या सांगलीच्या पुरात त्यांनी बोटीतून लोकांना बाहेर काढलं होतं, पण तेव्हाचा एकही फोटो नाही. ग्रुपवर त्यांचा एका लग्नातला चांगला फोटो आहे. त्यावरून एआयने पुरातला फोटो करून फ्लेक्सवर टाकायचा विचार आहे. काकांना सरप्राइज आहे. प्रॉम्प्ट कसा लिहू?

उत्तर : फोटो करू नका, चित्र करा. कारण आधी सांगतो, प्रॉम्प्ट नंतर देतो.

काकांनी काम केलं हे खरं आहे म्हणून त्या कामाचा बनवलेला फोटोही चालून जाईल, असं वाटणं साहजिक आहे. पण फोटो बघणारा माणूस त्यातून दोन गोष्टी गृहीत धरतो: प्रसंग घडला, आणि तो घडताना तिथे कॅमेरा होता. पहिली गोष्ट तुमच्याकडे आहे, दुसरी नाही. वर एआय मॉडेल रिकाम्या जागा स्वतःच्या मनाने भरतं. तुम्ही ‘पुरात बोटीतून लोकांना वाचवताना’ एवढंच लिहिलंत, की बोट किती भरलेली, मागे कुठली इमारत, कडेवर कुणाचं मूल, शेजारी कुठल्या गणवेशातले जवान हे सगळं ते ठरवणार. ठासून भरलेली बोट आली तर? त्याच पुरात ब्रह्मनाळजवळ बोट उलटून माणसं बुडाली. सांगलीतला माणूस तुमच्या फ्लेक्सकडे ते आठवूनच बघणार. आणि ‘ही बोट कुठली? हे लोक कोण?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर काकांना द्यावं लागेल, तुम्हाला नाही. एक खोटा फोटो उघडा पडला की त्यांचं खरं कामही लोक खोट्यात धरतील, माझी मोठी हरकत हीच आहे.

किती छोट्या बदलाने फोटो फसवा होतो याचं एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. 28 मे 2023 रोजी दिल्लीत आंदोलक कुस्तीपटू नव्या संसद भवनाकडे निघाले होते, पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. पोलिसांच्या गाडीतला विनेश आणि संगीता फोगाट यांचा सेल्फी बाहेर आला. मूळ फोटोत चेहरे गंभीर होते. काही वेळातच त्याच फोटोची दुसरी आवृत्ती फिरू लागली, तिच्यात दोघी छान हसत होत्या. गाडी तीच, कपडे तेच, माणसं तीच. एआयने फक्त हसू चिकटवलं होतं. आणि त्या हसण्यावरून ‘आंदोलन म्हणजे नाटक’ असा प्रचार झाला. मूळ फोटो शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा हसण्याबरोबर गालांवर आलेल्या खळ्याही खोट्या असल्याचं दिसलं.

म्हणून प्रॉम्प्ट लिहिताना मी चेहऱ्याइतकंच लक्ष क्रियापदांवर आणि हावभावांवर ठेवतो. ‘मिठी मारताना’, ‘पैसे देताना’, ‘रडताना’, ‘अमुक नेत्याच्या शेजारी’ यातला प्रत्येक शब्द त्या माणसाच्या नावावर एक विधान करतो. ओळखायची सोपी पद्धत अशी: हे चित्र मजकुराशिवाय एखाद्या अनोळखी माणसाला पाठवलं, तर तो त्याखाली काय लिहील? ‘काका पूरग्रस्तांना वाचवताना, 2019’ असं लिहील असं वाटत असेल, तर ते चित्र पुरावा म्हणून वाचलं जातंय. ‘काकांचं काढलेलं चित्र’ असं लिहील असं वाटलं, तर ठीक आहे.

आता परवानगी. सरप्राइजची हौस समजते, पण ग्रुपवर फोटो आहे म्हणजे तो कुठल्याही साइटवर चढवायला आणि चौकात लावायला मोकळा आहे, असं होत नाही. काकांना एवढंच विचारा: ‘तुमचा हा फोटो एआयमध्ये टाकून पुराच्या कामाचं चित्र करतोय, फ्लेक्सवर लावू का?’ मजकूर काय, कुठे लागणार, कोण येणार हे गुपित राहू द्या, तेवढं सरप्राइज पुरतं. तयार चित्रही दाखवा. होकार कल्पनेला दिलेला असतो, आणि प्रत्यक्षात मॉडेल काकांना दहा वर्षांनी तरुण आणि दोन छटा गोरं करून ठेवतं (ही खोड बऱ्याच मॉडेल्सना आहे). काका पुढे नगरपालिकेला उभे राहणार असतील, तर जास्तच जपा. वाढदिवसाचा फ्लेक्स प्रचारात जायला वेळ लागत नाही, आणि निवडणुकीतल्या बनावट चित्रांकडे निवडणूक आयोगाचं लक्ष असतं.

लग्नातल्या फोटोत शेजारी इतर माणसं असतील, मुलंही असतील. ‘बाकीच्यांना काढून टाक’ असं प्रॉम्प्टमध्ये लिहून भागत नाही, कारण तोवर त्यांचे चेहरे साइटवर गेलेले असतात. फोटो आधी कापा, मग चढवा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो ठिकाणाची माहिती गमावतो, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये ती तशीच राहू शकते. तशी फाइल असेल तर कापलेल्या भागाचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरा.

मी प्रॉम्प्ट साधारण असा लिहीन:

> ‘दिलेल्या फोटोतल्या गृहस्थांचं जलरंगातलं चित्र. कागदाचा पोत आणि ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसावेत, छायाचित्रासारखं दिसू नये. वय साठ, पांढरे केस आणि मिशी तशीच, त्वचेचा रंग बदलू नये, चेहरा शांत. ते रिकाम्या होडीशेजारी हातात वल्हं घेऊन उभे आहेत. मागे नदीचं पाणी फक्त पुसट रंगात. दुसरी माणसं, गणवेश, झेंडे, चिन्हं, पाट्या, अक्षरं नकोत.’

यात होडी रिकामी ठेवली आहे, कारण वाचवलेली माणसं काढायला लावली तर मॉडेल ती कुठून तरी घडवणार. वल्हं आणि नदी एवढ्यावर गावकऱ्यांना कळतं. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा अर्धवट फोटोसारखंच काहीतरी येतं, कारण खरा फोटो दिला की मॉडेल त्याच्याकडे ओढलं जातं. तुमच्या साधनात मूळ फोटोचा प्रभाव कमी-जास्त करायची सोय असेल तर तो थोडा कमी करा. नसेल तर ‘जलरंग’च्या जागी ‘शाईचं रेखाचित्र’ लिहून बघा, रेषेत फोटोचा भास लवकर जातो. मूळ फोटोचा प्रभाव फार कमी केलात तर मात्र काका दुसरेच कुणी दिसतील.

फोटोतला प्रकाश किंवा उभं राहण्याची ढबच हवी असेल, तर फोटो चढवायचीही गरज नाही. ‘डावीकडून संध्याकाळचं ऊन, कमरेपर्यंतची चौकट’ असं शब्दांत लिहा आणि नाव टाकू नका. पण तुम्हाला काकाच हवे आहेत, तेव्हा ही वाट इथे उपयोगाची नाही.

शेवटचं काम खुणेचं. काही साधनं चित्रात अदृश्य खूण ठेवतात, गुगलची सिंथआयडी त्यातलीच. काही फाइलच्या माहितीत नोंद करतात, आणि ती नोंद फॉरवर्ड होताना बहुतेकदा गळून जाते. चौकातल्या फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर काढून पुढे ढकलणारा माणूस यातलं काहीच तपासणार नाही. म्हणून ‘एआयने काढलेलं काल्पनिक चित्र’ ही ओळ चित्राच्या आतच घाला, काकांच्या खांद्याजवळ, रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरात. तळाच्या कडेला टाकू नका, फ्रेमला ठोकताना फ्लेक्सची कड मागे दुमडतात. काकांचं खरं काम शेजारी दोन ओळींत लिहा, आणि त्या दोन ओळी काकांनाच विचारून लिहा.